मोकळ्या गाडीचं वजन

गोण्या डोंबिवलीत आल्या तेव्हा मी घरी नव्हतो. ट्रान्सपोर्टवाल्याने अकरा गोण्या जिन्याखाली टाकल्या, पावतीवर बायकोची सही घेतली आणि दुसऱ्या मजल्यावर चढवायचे वेगळे पैसे मागितले. तिने दिले. संध्याकाळी आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्या पैशांवरून भांडण. भाडं घरपोच ठरलं होतं, जिन्यापर्यंत नव्हे. दुसऱ्या दिवशी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन अर्धे पैसे परत आणले तेव्हा मला शांत वाटलं. असा मी होतो, अजूनही आहे. कोणी माझा एक रुपया दाबला तर तो सुटेपर्यंत मला जेवण जात नाही.

गोण्यांमधून मळीचा वास यायचा, गोडसर आणि कुजका. हंगामभर कारखान्याच्या आवारात पडून राहिलेल्या कागदांना तो लागतोच. बायको म्हणाली, "साखर कारखान्याचं काम घेतलंत, घरात साखर यायची सोडून मळी आली." पुढे कित्येक वर्षं तो वास माझ्या मागे आला. रसवंतीच्या गुऱ्हाळाजवळून जाताना येतो. कधी कधी जवळपास काहीही नसताना येतो, सकाळी दाढी करताना, कोरड्या हवेत.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. ठाण्याला नौपाड्यात एका चार्टर्ड अकाउंटंटकडे मी काम करत होतो. त्याआधी वागळे इस्टेटमध्ये वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये सात वर्षं काढली होती. सतराव्या वर्षी तिथे कानस घासायला लागलो, मग अक्षर बरं म्हणून मालकाने आवक-जावक वही दिली, मग हिशेब दिले. संध्याकाळच्या कॉलेजातून बी.कॉम. केलं, सहकार खात्याची डिप्लोमा परीक्षा दिली. मला कोणी हात धरून वर आणलेलं नाही. म्हणूनच साहेबांना जेव्हा एका सहकारी साखर कारखान्याच्या अंतर्गत लेखापरीक्षणाचं काम मिळालं आणि ते म्हणाले, "तू बघ हे सगळं, तुला तिसरा हिस्सा देतो," तेव्हा मी लगेच हो म्हटलं नाही. ऊसबिलं, वजनाच्या नोंदी आणि सभासदांची येणी तपासायची होती. काटे त्यांच्या ऑफिसात माझ्याशिवाय कोणाला कळत नव्हते. मी चाळीस टक्के मागितले आणि अहवालावर माझं नाव मागितलं. साहेबांनी दोन दिवस लावले आणि दोन्ही कबूल केलं. टक्के मिळाले. नाव आलं नाही. हे मी आजही विसरलेलो नाही.

कारखाना घाटावर, एस.टी.ने दिवसभराच्या अंतरावर होता. हंगाम संपल्यावर मे महिन्यात मी तिथे बारा दिवस राहिलो. काम असं चालायचं. उसाची गाडी आली की भरलेली काट्यावर चढवायची, वजन घ्यायचं. मग ती गव्हाणीवर, म्हणजे ऊस गाळपाला ओढून नेणाऱ्या पट्ट्यावर, रिकामी व्हायची. परत जाताना दुसऱ्या काट्यावर मोकळ्या गाडीचं वजन घ्यायचं. दोन्हींतला फरक म्हणजे ऊस. त्याची चिठ्ठी तीन प्रतींत: एक शेतकऱ्याला, एक बिलासाठी ऊस हिशेब विभागाला, तिसरी काट्यावर. दर पंधरवड्याला त्या वजनावर बिल निघायचं. त्यातून सोसायटीचं कर्ज, शेअरची रक्कम, ठेवी, जी काही सभासदाकडून येणी असतील ती कापून उरलेले पैसे त्याच्या खात्यावर. वाहतुकीचं बिलही त्याच वजनावर. म्हणजे सगळा डोलारा त्या दोन आकड्यांवर उभा. काट्यावरचा आकडा खोटा असेल तर पुढच्या सगळ्या वह्या कितीही सुबक असोत, खोट्याच.

बिलांच्या बेरजा कार्यालयात जुळल्या. म्हणून मी साहेबांमार्फत बैलगाड्यांच्या काट्यावरच्या तिसऱ्या प्रती मागवून घेतल्या. त्या प्रती वर्षभर ठेवून रद्दीत जायच्या, कोणाला त्यांचं महत्त्व नव्हतं. गोण्या माझ्या पत्त्यावर पाठवल्या, कारण नौपाड्याच्या ऑफिसात जागा नव्हती. त्या संपूर्ण कामात माझं नाव आणि पत्ता छापील कागदावर आला तो फक्त त्या ट्रान्सपोर्टच्या पावतीवर.

रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मी आणि बायको बाहेरच्या खोलीत चिठ्ठ्या लावत बसायचो. ती गाडी नंबरप्रमाणे वेगळ्या करायची, मी आकडे उतरवायचो. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "अहो, ही गाडी बघा. हिचं मोकळं वजन बदलतच नाही."

चारशे पासष्ट किलो. पुढच्या दिवशी चारशे पासष्ट. त्याच्या पुढच्या दिवशीही.

काट्यांत वाढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मोकळी बैलगाडी कधीच दोनदा सारखी भरत नाही. कधी तिच्यावर वैरणीला घेतलेलं वाढं असतं, कधी तोडणीवाल्याचं अंथरूण, पाण्याची घागर, बायको आणि तान्हं मूल. दव पडलं तर दोर भिजतात. त्याच गाडीचं वजन आधीच्या महिन्यात कधी पाचशे दहा, कधी पाचशे चाळीस असं हलत होतं. मग एका दिवसापासून चारशे पासष्ट, आणि तेवीस दिवसांनी पुन्हा हलायला लागलं. मी दुसरी गाडी काढली, तिसरी काढली. प्रत्येकीचा आकडा वेगळा, पण त्या तेवीस दिवसांत प्रत्येकीचा आकडा गोठलेला.

हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक गाडी पूर्ण रिकामी करून तोलतात आणि तो आकडा गाडीच्या फळीवर रंगवतात. चिठ्ठ्यांवर तोच उतरवला होता. म्हणजे भरलेल्या वजनात वाढं, अंथरूण, माणसं सगळं धरलेलं, आणि वजा करताना मात्र नुसती गाडी. वरचं सगळं ऊस म्हणून विकलं गेलं. मी हिशेब केला. सुमारे अठराशे खेपा, खेपेला साधारण पासष्ट किलो. एकशे सतरा टन ऊस, जो कधी कुठल्या शेतात उगवलाच नव्हता. त्या वेळच्या भावाने तीस-बत्तीस हजार रुपये.

मला झालेला आनंद आठवतो. लाज वाटते, पण आठवतो. मी बायकोला म्हणालो, या वेळी माझं नाव कसं टाळतात बघू.

गाडीकाट्यावर एकच कारकून होता. रात्री बैलगाड्या घेत नसत, दिवसभर तोच बसायचा. साधारण माझ्याच वयाचा, बारीक, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मे महिन्यात मी तिथे होतो तेव्हा त्याने मला स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली होती, कारण अतिथिगृहातला स्वयंपाकी सुट्टीवर होता. आता जूनमध्ये मी परत गेलो आणि त्याच्यासमोर चिठ्ठ्यांची चळत ठेवली. तो म्हणाला, मोकळ्या गाडीचा काटा त्या दिवसांत बंद होता. भरलेल्या गाडीचा चालू होता, पण त्याच्यावरच मोकळ्याही घेतल्या असत्या तर रांग दुप्पट झाली असती आणि गव्हाणीला ऊस पुरला नसता. शेतकी अधिकाऱ्यांनी तोंडी सांगितलं, फळीवरचा आकडा घाल.

मी विचारलं, लेखी आहे का. नव्हतं. काटा बंद असल्याची नोंद कुठे आहे. म्हणाला, इंजिनीअरिंगवाल्यांकडे असेल. मी शेतकी अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं की काटा एक दिवसही बंद नव्हता. मला ते पटलं. का पटलं, याचा मी फार विचार केला आहे. एक तर त्यांनी मला खुर्ची दिली, साहेब म्हटलं. आणि दुसरं, अठराशे खेपांमध्ये एकतीस खेपा त्या कारकुनाच्या वडिलांच्या उसाच्या निघाल्या होत्या. दोन टन जादा. पाचसहाशे रुपये. मला तेवढं पुरलं.

मी काट्यावर परत गेलो आणि आवाज चढवला. तिथे गाडीवान नव्हते, हंगाम संपला होता, पण वॉचमन होता, दोन शिपाई होते. मी म्हणालो की मी वागळे इस्टेटला वजनकाट्यांच्या वर्कशॉपमध्ये हाडं झिजवली आहेत, मला काटा शिकवू नकोस. तो पेनाचं टोपण लावत राहिला, काढत राहिला.

अहवालाचा मसुदा मी लिहिला. "मोकळ्या गाडीचे वजन प्रत्यक्ष न घेता नोंदविले" इतकं पुरेसं होतं. मी त्याच्यापुढे लिहिलं, "गाडीकाटा लिपिकाने स्वतःच्या कुटुंबाच्या लाभासह, संगनमताने." साहेबांनी त्या एका शब्दावर पेन्सिल ठेवली. संगनमताने म्हणतोस, कोणाशी, पुरावा काय. मी म्हणालो, बापाचा ऊस आहे, आणखी काय पाहिजे. त्यांनी पेन्सिल उचलली. शब्द राहिला. तो माझा शब्द आहे. त्या अहवालात माझं म्हणून जर काही असेल तर तोच.

जुलैत तो कारकून निलंबित झाला. मग कारखान्याने त्या तेवीस दिवसांतल्या सगळ्या सभासदांच्या खात्यावर जादा वजनाची रक्कम येणे म्हणून टाकली आणि अंतिम हप्त्यातून ती कापणार असल्याच्या नोटिसा पाठवल्या. कोणाचे चाळीस रुपये, कोणाचे तीनशे. हे बरोबरच होतं, मीच तशी शिफारस केली होती. पण नोटिशीत कारण लिहिलं होतं, काटा लिपिकाच्या गैरव्यवहारामुळे. तो राहत होता त्याच गावात त्यांतले बरेच सभासद राहत होते.

गणपतीच्या आधीच्या रविवारी सकाळी दार वाजलं. तो उभा होता. हातात कापडी पिशवी, पायांत ओल्या चपला. ट्रान्सपोर्टच्या पावतीची प्रत कारखान्यात त्याच्याच सहीने फाटली होती, त्यामुळे पत्ता त्याच्याकडे होता. मला वाटलं भांडायला आला. मी दारातच उभा राहिलो. बायकोने मला बाजूला करून त्याला आत घेतलं, पाणी दिलं. तो खुर्चीवर बसला नाही, गोण्यांच्या शेजारी भिंतीला टेकून खाली बसला. आपल्याच हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या त्याने ओळखल्या असतील, पण हात लावला नाही.

त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. मोकळ्या गाडीच्या काट्याची दांडी ज्या पोलादी धारेवर तोलते, ती धार मोडली होती. तिला आम्ही वर्कशॉपमध्ये नुसतं नाइफ म्हणायचो. ती दुरुस्तीला पाठवली होती. काट्याची अशी दुरुस्ती झाली की वजनमापे निरीक्षकाला कळवून पुन्हा तपासणी करून शिक्का मारून घ्यावा लागतो. ऐन हंगामात तो खोळंबा नको म्हणून कारखान्याने कळवलंच नाही, गुपचूप बसवली. म्हणून काटा बंद होता हे आता कोणी कबूल करत नव्हतं, आणि इंजिनीअरिंगची वही त्याला कोणी दाखवत नव्हतं.

मग तो म्हणाला, "साहेब, ती नाइफ तुमच्याकडंच आली हुती. वागळे इस्टेटला. पार्सल म्याच बांधलं."

मी वर्कशॉपचं नाव विचारलं. त्याने सांगितलं.

"मी नोकरी मागत नाही तुमच्याकडं," तो म्हणाला. "तुम्ही फक्त जाऊन वही बघा. गावात आमच्या म्हाताऱ्याला लोक मापात पाप केलं म्हणतात. त्यानं जन्मात कुणाचं उसाचं कांडं घेतलं नाही."

बायकोने त्याला जेवून जा म्हटलं. तो कल्याणहून गाडी धरायची म्हणून निघाला. जाताना मला नमस्कार केला. मला त्याचा राग आला, हे खरं सांगतो. त्याने शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी मी ठाण्याला उतरून ऑफिसात न जाता वागळे इस्टेटला गेलो. वर्कशॉप तसंच होतं, तोच ऑइलचा वास, तीच शेड. मालक म्हातारे झाले होते. म्हणाले, आलास, मला वाटलं मोठा ऑडिटर झाल्यावर रस्ता विसरलास. मी आवक-जावक वही मागितली. तिची पहिली काही पानं अजून माझ्याच अक्षरातली होती, पुढे दुसऱ्या कोणाचं अक्षर. जानेवारीचं पान काढलं. कारखान्याचं नाव, मोकळ्या गाडीकाट्याची नाइफ, एक नग, धार मोडलेली. आवक तारीख. जावक तारीख. पार्सलचा येण्याजाण्याचा वेळ धरला तर माझ्या तेवीस दिवसांत बरोबर बसत होती. इकडे एक दिवस नाही, तिकडे एक दिवस नाही.

मी त्या वर्कशॉपमध्ये सात वर्षं काढली होती, ती वही स्वतः लिहिली होती. तो आकडा गोठलेला पाहिल्यावर काटा मोडला असेल हा विचार माझ्याइतका सहज दुसऱ्या कोणाला आला नसता. तो मला आला नाही, कारण मला चोर हवा होता. मालकांनी नोंदीची नक्कल करून दिली, शिक्का मारला. त्यांच्याकडून मी शिक्क्याखाली सही आणि तारीखही घेतली. कागदाच्या बाबतीत मी चुकत नाही.

तीच नक्कल घेऊन दुपारी नौपाड्याला गेलो. साहेबांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला. म्हणाले, अहवाल संचालक मंडळापुढे गेला, कारवाई झाली, आता ऑडिटरने आपणच चुकलो म्हणायचं का. मी म्हणालो, नुकसान झालं हे खरंच आहे, वसुलीही राहू दे, पण संगनमताने हा शब्द मागे घ्या आणि काटा बंद होता हे लिहा. माझा आवाज वाढला होता. बाहेरच्या खोलीतला टाइपरायटर थांबला होता. साहेब भांडले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मी पत्र टाकतो कारखान्याला. या आठवड्यात जाईल." नक्कल त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवली. मग त्याच ड्रॉवरमधून चेकबुक काढलं. माझा चाळीस टक्क्यांचा हिशेब राहिला होता. त्यांनी रक्कम सांगितली, मी माझ्या वहीतली रक्कम सांगितली, दीडशे रुपयांचा फरक होता. त्यावर आमची अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी त्यांनी माझी रक्कम लिहिली. व्हाउचरवर मी सही केली.

पत्राची प्रत मी मागितली नाही.

त्या पैशात मी टिटवाळ्याला एक खोली बुक केली. तेव्हा तिकडे भाव उतरलेले होते आणि बिल्डरला मी चांगला खाली ओढला होता. पुढे दोन वर्षं साहेबांकडे राहिलो. दरवर्षी अहवालावर माझं नाव यायचं होतं, दरवर्षी आलं नाही. तिसऱ्या वर्षी मी भांडून बाहेर पडलो. निघताना माझ्या कामाचे कागद वेगळे करायचे म्हणून जावक वही चाळली. त्या आठवड्यातलं पान पाहिलं, त्याच्या पुढच्या महिन्याचं पाहिलं, मग पूर्ण वर्ष पाहिलं. कारखान्याला पत्र गेलेलं नव्हतं.

मी ती वही साहेबांच्या टेबलावर आपटली. जे सुचलं ते सगळं बोललो, नावाचं, टक्क्यांचं, दिवाळीला न दिलेल्या बोनसचं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग इतकंच म्हणाले, "तू दीडशे रुपयांसाठी अर्धा तास बसलास त्या दिवशी. पत्राचं नंतर एकदा तरी विचारलंस?"

मी वही उचलून जागेवर ठेवली. साहेबांनी मला फसवलं हे मी कुठेही उभं राहून सांगेन. पण मला फसवणं इतकं सोपं नव्हतं. भाजी घेतानासुद्धा मी मापाकडे बघतो. ट्रान्सपोर्टवाल्याकडून अर्धी हमाली परत आणणारा माणूस मी. त्या एका पत्राच्या बाबतीत मात्र मी शब्दावर विश्वास ठेवला, कारण पाठपुरावा केला असता तर तो अहवाल मी लिहिला हे मलाच लेखी कबूल करावं लागलं असतं. अहवालावर माझं नाव नव्हतं, आणि त्या वेळी, फक्त त्या वेळी, ते मला सोयीचं होतं.

वर्कशॉपमधून मी पुन्हा नक्कल आणली आणि स्वतःच्या नावाने दोन रजिस्टर पत्रं पाठवली. कारखान्याकडून पोचपावती आली, गोल शिक्का असलेली, उत्तर कधीच आलं नाही. दुसरं पत्र कारकुनाच्या गावाच्या पत्त्यावर होतं. ते परत आलं. पाकिटावर पोस्टमनने निळ्या शाईत लिहिलं होतं, घर बंद, गाव सोडून गेले. पुढे कारखान्यातल्या एकाकडून कळलं की चौकशीनंतर त्याला काढलं होतं, आणि म्हातारा त्याच हिवाळ्यात वारला. ऊस कुणाला तरी वाट्याने दिला. मुलगा कुठे गेला हे सांगणाऱ्याला माहीत नव्हतं. कोणी म्हणे मुंबईकडे.

मुंबईकडे म्हणजे आमच्याकडेच. तेव्हापासून मी त्याला बघत आलो आहे. शीळ रस्त्याच्या ट्रक काट्यावर खिडकीत बसलेला बारीक माणूस, कल्याणच्या बाजारात कांद्याची पोती तोलणारा, गोदामाच्या दारात पॅड घेऊन उभा असलेला. जवळ गेलं की दुसराच कोणी असतो. एकदा कल्याणला काट्यावर कोणीतरी आतून मोठ्याने ओरडला, मोकळी, चारशे पासष्ट, आणि मी रिक्षा थांबवून उतरलो. आत एक सरदारजी होते, हातगाडीवर भंगार तोलत होते. त्यांनी मला विचारलं, काय पाहिजे. मी काही नाही म्हणालो. खरोखर कोणी तो आकडा म्हणालं होतं की नाही हे मला सांगता येणार नाही.

गोण्या परत न्यायला कारखान्यातून कोणी आलं नाही. त्या माळ्यावर पडून राहिल्या. नव्वदीच्या मध्यावर घर रंगवायला काढलं तेव्हा बायको म्हणाली, आता पुरे, काढा त्या. रद्दीवाल्याला बोलावलं. भाव मी चाळीस पैशांनी वर नेला. त्याने गॅलरीत ताणकाटा टांगला, एकेक गोणी अडकवायला लागला आणि प्रत्येक वजनातून एक किलो वजा करायला लागला.

मी विचारलं, हे काय. तो म्हणाला, "बारदान का साहेब. गोणीचं एक किलो पकडतो आम्ही. सगळीकडे तेच चालतं."

मी त्याला म्हणालो, गोणी रिकामी कर, तोल, मग सांग किती ते. तो हसला. म्हणाला, अकरा गोण्यांसाठी कुठे सगळं ओतता, दोनतीन रुपयांचा फरक पडेल. मी ओरडलो. शेजारच्या गॅलरीतून लोक बघायला लागले. बायको आतून आली आणि तिने स्वतः एका गोणीचं तोंड सोडलं, ती उलटी केली. गुलाबी चिठ्ठ्या गॅलरीभर पसरल्या आणि इतक्या वर्षांनी तो वास पुन्हा आला. रद्दीवाल्याने रिकामी गोणी टांगली. पाऊण किलो भरली. त्याने खांदे उडवले. दुसरी एक ओतायला लावली, ती ओलीने कधीतरी भिजून वाळलेली होती, सव्वा किलोच्या वर गेली. तिसरी पुन्हा वेगळी. प्रत्येक गोणी ओतून तोलायला दुपार गेली. शेवटी हिशेब केला तेव्हा त्याचं एक किलो आणि माझं खरं वजन यांत अकरा गोण्या मिळून अर्ध्या किलोचाही फरक नव्हता.

रद्दीवाला म्हणाला, "बघा साहेब, मी काय चोर होतो?"

मी त्याला नाही म्हणालो. दोनदा म्हणालो. चहा पाजला.

दहा गोण्या त्याने नेल्या. अकरावीत जानेवारी महिन्याच्या त्या तेवीस दिवसांच्या चिठ्ठ्या भरल्या आणि ती ठेवून घेतली. बायकोने तोंड बांधायला सुतळी आणून दिली. प्रत्येक चिठ्ठीवर खाली उजव्या कोपऱ्यात त्या कारकुनाची सही आहे, कार्बनमधून उतरलेली, जरा पुसट. वहीची नक्कल आणि परत आलेलं पाकीट मी त्याच गोणीत वर ठेवलं आहे. तो आला तर लागेल.